सरासरी साडेतेरा, तरी केळी काळवंडली

सावदा-रावेरकडच्या ग्रुपांवर हा मेसेज फिरतोय: "कोल्ड स्टोरेजवाल्यांनो, सेन्सर-अलार्मच्या नादी लागू नका. दार उघडलं तरी बोंबलतो, दोन दिवसांनी कोणी ढुंकूनही बघत नाही. सकाळ-संध्याकाळ रजिस्टरला नोंद करा. दिवसाची सरासरी साडेतेराच्या आसपास असली की केळी सुखरूप."

आधी सरासरीचा हिशेब मांडू, कारण खरा घोळ तिथेच आहे. समजा, निर्यातीच्या खोक्यांनी भरलेल्या चेंबरमध्ये रात्री कॉम्प्रेसरचा कॉन्टॅक्टर चिकटला. थर्मोस्टॅटनं बंद करूनही कॉम्प्रेसर चालूच राहिला आणि खोली आठ तास 11.5 अंशांवर होती. सकाळी ऑपरेटरला गारवा जास्त वाटला. त्यानं मेन स्विच बंद-चालू केला आणि सेटिंग एक अंशानं वर नेलं. पुढचे सोळा तास 14.5. आता सरासरी काढा: बरोबर 13.5! सकाळी दहाला आणि संध्याकाळी सहाला रजिस्टरात 14.5 लिहिलेलं, सही-शिक्क्यासह. कागदावर सगळं आलबेल.

केळीला मात्र सरासरी कळत नाही. साधारण 13 अंशांच्या खाली तिच्या सालीला चिलिंग लागायला सुरुवात होते. किती लागणार हे तापमान किती खाली गेलं आणि किती तास तिथं राहिलं यावर ठरतं, आणि नंतर खोली गरम ठेवल्यानं झालेलं नुकसान भरून येत नाही. हिरव्या मालावर ते वरून फारसं दिसतही नाही. नखानं साल हलकी खरवडली तर आत तपकिरी रेषा दिसतात, चीक दुधाळ न राहता पाण्यासारखा येतो. रायपनिंग चेंबरमध्ये गेल्यावर पिवळीधमक व्हायच्या जागी केळी राखट, मळकट होते. तोवर माल व्यापाऱ्याकडे पोचलेला असतो आणि भांडण शेतकऱ्याच्या दारात येतं.

दार उघडल्यावर अलार्म बोंबलतो ही तक्रार मात्र खरी आहे. पण दोष सेटिंगचा आहे. मे महिन्यात भुसावळ-जळगावच्या उन्हात दार उघडलं की हवेचा सेन्सर पाच मिनिटांत 18 दाखवतो, आणि खोक्यातल्या फळाच्या गराचं तापमान जागचं हलत नाही. म्हणून दोन गोष्टी करायच्या. एक प्रोब हवेत आणि एक खोक्याच्या मधल्या फणीत, गरात खुपसलेला. आणि अलार्मला मुदत द्यायची. दर पाच मिनिटांनी नोंद होत असेल, तर हवा 15 च्या वर सलग 45 मिनिटं राहिली तरच फोन जावा. गार बाजूला एवढी ढील नको. 13 च्या खाली सलग 20 मिनिटं पुरे, कारण उन्हाळ्यात दार उघडून खोली गार होत नाही. हे आकडे सुरुवातीचे समजा, आपल्या चेंबरचा आठवडाभराचा लॉग बघून बदला. शेतातून नुकताच आलेला तापलेला माल प्रीकूलिंगला लावला असेल तर तो कित्येक तास हद्दीबाहेरच असणार. त्या काळासाठी वेगळं सेटिंग ठेवा, नाहीतर मेसेजवाल्यांचं म्हणणं खरं ठरेल.

मुदतीतही एक खोच आहे, आणि ती मला सगळ्यात धोक्याची वाटते. लॉगमध्ये अशा नोंदी बघा: 12.8, 12.7, 12.7, 13.1, 12.6, 12.8, 12.7, 13.0. रात्रभर असंच. बऱ्याच यंत्रांत एक नोंद जरी हद्दीत आली तरी मिनिटांची मोजणी शून्यावर जाते. इथे 13.1 आला की मोजणी पुन्हा पहिल्यापासून. वीस मिनिटं कधी भरतच नाहीत, अलार्म गप्प, आणि माल मात्र रात्रभर 13 च्या खाली. उपाय असा: मोजणी शून्य व्हायला तापमान 13.3 च्या वर सलग पंधरा मिनिटं राहायला हवं. शिवाय चोवीस तासांत 13 खालची एकूण मिनिटं वेगळी मोजावीत, ती साठच्या पुढे गेली की दुसरा इशारा. विकत घेताना विक्रेत्याला एवढंच विचारा, "मोजणी कधी शून्य होते?" उत्तर देता आलं नाही तर दुसऱ्या दुकानात जा.

राहिलं रजिस्टर. ते ठेवा, फक्त त्याच्यावर विसंबू नका. दोन नोंदींच्या मधे रात्रीचे चौदा-सोळा तास जातात, आणि लाईटही बहुतेक त्याच वेळी जाते. लाईट गेल्यावर वायफायचा राऊटरही बंद पडतो. लॉगर बॅटरीवर मोजत असला तरी फोन लावणार कशानं? सिमवाला लॉगर घ्या, आणि पंधरा मिनिटं नोंदच आली नाही तर त्यालाही इशारा समजणारी सिस्टीम मागा. तो फोन आधी रात्रपाळीच्या ऑपरेटरला जावा. दहा मिनिटांत त्यानं पोच दिली नाही तर मालकाला.