तुर्कस्तानचा भूकंप तीन दिवस आधी कोणीही सांगितला नव्हता

"नेदरलँड्सच्या संशोधकाने ग्रहांच्या स्थितीवरून तुर्कस्तानचा भूकंप ३ दिवस आधी सांगितला होता! छोटे धक्के सुरू झाले की मोठा येणारच. प्राण्यांनाही आधी कळतं. शास्त्रज्ञांना सगळं माहीत असतं, पण घबराट नको म्हणून सरकारं लपवतात. पुढे पाठवा."

कुटुंबाच्या ग्रुपवर हे फिरत होतं तोवर दुर्लक्ष करता येत होतं. आता भाचीच्या भूगर्भशास्त्राच्या प्रेझेंटेशनमध्ये 'भूकंपाचे भाकीत' या मथळ्याखाली त्याची अख्खी स्लाइड झाली आहे. त्याच्या आधीच्या स्लाइडवर भारताची प्लेट वर्षाला साधारण ५ सेंटिमीटर ईशान्येकडे सरकते, असं लिहिलं आहे. ते जीपीएसने मोजलेलं आहे. दोन्ही स्लाइड एकाच सुरात वाचल्या जाणार, म्हणून एकेका वाक्याला कोणता प्रश्न विचारायचा ते इथे लिहितो.

पहिला प्रश्न: नक्की काय सांगितलं होतं? त्या संशोधकाच्या ३ फेब्रुवारी २०२३ च्या ट्वीटमध्ये 'आज ना उद्या' दक्षिण-मध्य तुर्कस्तान, जॉर्डन, सीरिया, लेबनॉन या भागात साधारण ७.५ चा भूकंप होईल, एवढंच होतं. तारीख नाही. जागा म्हणून चार देशांची नावं. हा सगळा पट्टा पूर्व अनातोलियन भ्रंश आणि मृत समुद्राचा भ्रंश या जमिनीतल्या सरकत्या भेगांवर बसलेला आहे. तिथे आज ना उद्या मोठा भूकंप होणार, हे भूगर्भशास्त्राचं कोणतंही पाठ्यपुस्तक सांगतं. ६ फेब्रुवारीला ७.८ चा भूकंप झाला आणि मागाहून लोकांनी त्या ट्वीटला 'तीन दिवस' चिकटवले. भाकीत म्हणायचं तर तारीख-वेळ, जागा आणि तीव्रता ही तिन्ही आधी लिहिलेली हवीत. अमेरिकेच्या भूगर्भ सर्वेक्षण संस्थेने स्वच्छ लिहून ठेवलं आहे की असं भाकीत आजवर ना त्यांना जमलं, ना दुसऱ्या कोणा शास्त्रज्ञाला.

दुसरा प्रश्न: नुसत्या योगायोगाने हे किती वेळा जुळलं असतं? जगात ६ किंवा त्याहून मोठे भूकंप वर्षाला साधारण १३० होतात, म्हणजे सरासरी तीन दिवसांना एकाहून थोडे जास्त. आता कोणी 'येत्या चार दिवसांत जगात कुठेतरी ६ च्या वरचा भूकंप संभवतो' असं दर आठवड्याला म्हणत राहिला, तर काहीही न अभ्यासता तो चारपैकी तीन वेळा बरोबर येईल. म्हणून पाठोपाठ विचारायचं, चुकलेले अंदाज कुठे आहेत? त्यांची यादी नसेल तर बरोबर आलेल्या एकाला काही किंमत नाही.

ग्रहांचं तर बोलायलाच नको, पण आकडा माहीत असलेला बरा. पृथ्वीवर भरती-ओहोटीचा सर्वांत जास्त ताण देणारा ग्रह शुक्र, आणि तो अगदी जवळ असतानाही त्याचा ताण चंद्राच्या सुमारे वीस हजाराव्या भागाइतका असतो. चंद्राच्या ओढीने काही ठिकाणचे बारीक धक्के भरतीच्या वेळेनुसार थोडे कमीजास्त होतात, हे खरं आहे. तेवढं मान्य. पण चंद्र दिवसातून दोनदा हा ताण देतो आणि रोज भूकंप घडवत नाही, तर त्याच्या वीस हजाराव्या भागाने काय घडणार?

छोट्या धक्क्यांच्या मुद्द्यात थोडं तथ्य आहे आणि नेमकं तेच दिशाभूल करतं. किल्लारीला ३० सप्टेंबर १९९३ च्या आदल्या वर्षी लहान धक्के जाणवले होते. पण पालघर जिल्ह्यात डहाणू-तलासरीकडे नोव्हेंबर २०१८ पासून धक्क्यांची रांग लागली, लोक थंडीत घराबाहेर झोपले, आणि त्यामागून किल्लारीसारखा भूकंप आला नाही. धक्के चालू असताना या दोन रांगांमधला फरक ओळखायची खूण आज कोणाकडे नाही. एखादा धक्का पूर्वधक्का होता हे मोठा धक्का बसून गेल्यावरच कळतं. त्यामुळे 'येणारच' खोडून 'शक्यता थोडी वाढते' असं लिहायचं.

ही शक्यता जिथे खरोखर मोजायचा प्रयत्न झाला, ती जागा म्हणजे कॅलिफोर्नियातलं पार्कफील्ड. प्रेझेंटेशनमध्ये एकच उदाहरण घ्यायचं असेल तर हे घ्यावं. सॅन अँड्रियास भ्रंशाच्या या तुकड्यावर १८५७, १८८१, १९०१, १९२२, १९३४ आणि १९६६ साली सुमारे ६ चे भूकंप झाले. सरासरी अंतर २२ वर्षं, म्हणून पुढचा १९८८ च्या आसपास आणि ९५ टक्के खात्रीने १९९३ च्या आत, असं जाहीर झालं. पण सुटी अंतरं बघा: २४, २०, २१, १२, ३२. सरासरी इतकी घट्ट दिसावी म्हणून १९३४ चा भूकंप 'दहा वर्षं लवकर आला' असं धरलं होतं. भूकंपांच्या तारखा नोंदलेल्या होत्या, 'लवकर आला' हे मात्र गृहीत होतं. स्लाइडवरच्या कोणत्याही सरासरीला म्हणून विचारायचं: किती घटनांवरून काढली, आणि कोणती घटना बाजूला ठेवली?

१९३४ आणि १९६६ या दोन्ही वेळी मुख्य धक्क्याच्या १७ मिनिटं आधी ५.१ चा पूर्वधक्का बसला होता. इतकं सुबक जुळलं की कोणालाही नियम वाटावा. तिथे भूकंपमापक, जमिनीची बारीक सरक मोजणारी यंत्रं, विहिरींतल्या पाण्याची पातळी, सगळं लावून ठेवलं. ऑक्टोबर १९९२ मध्ये ४.७ चा धक्का बसला तेव्हा ७२ तासांत ६ चा भूकंप होण्याची शक्यता ३७ टक्के, असा इशारा उघडपणे दिला गेला. काही झालं नाही. भूकंप आला तो २८ सप्टेंबर २००४ ला, म्हणजे ३८ वर्षांनी. सतरा मिनिटं आधीचा पूर्वधक्का नाही, इतकी यंत्रं असून आधी ओळखता येईल अशी खूण नाही, आणि भेग १९६६ च्या उलट दिशेने फाटत गेली. जागा बरोबर, तीव्रता ६.० म्हणजे बरोबर, वेळ चुकली.

'लपवतात' या आरोपाला तो १९९२ चा इशाराच उत्तर आहे. चुकण्याची शक्यता जास्त आहे हे माहीत असूनही लोकांना आकडा सांगितला होता. प्राण्यांबद्दल एकच प्रश्न पुरे: भूकंप न झालेल्या दिवशी कुत्री किती वेळा भुंकली, ते कोणी लिहून ठेवलं आहे?

त्या स्लाइडच्या जागी खरा अंदाज कसा दिसतो ते दाखवता येईल. सॅन फ्रान्सिस्को परिसरात २०१४ ते २०४३ या तीस वर्षांत ६.७ किंवा मोठा भूकंप होण्याची शक्यता ७२ टक्के, असं तिथल्या शास्त्रज्ञांनी प्रसिद्ध केलं आहे. यात दिवस नाही, तास नाही. या आकड्यालाही तेच विचारायचं. भ्रंश वर्षाला किती मिलिमीटर सरकतात ते जीपीएसने आणि चर खणून तपासलेल्या जुन्या थरांवरून काढलेलं आहे. साठलेला ताण एका धक्क्यात सुटेल की अनेक, आणि एक भेग शेजारच्या भ्रंशात शिरेल की नाही, हे मॉडेलमध्ये ठरवून घातलेलं आहे. स्लाइडवर पहिलं एका रंगात आणि दुसरं वेगळ्या रंगात लिहावं.