दात नसले तरी बाळाला गुठळ्या चालतात

"दात येईपर्यंत बाळाला सगळं मिक्सरमधून काढून पातळच द्या, नाहीतर घशात अडकतं."

हे बरोबर नाही. बाळ दातानं नाही, हिरड्या अन् जिभेनं चुरतं, अन् दाढा तर वर्षानंतरच येतात, तोवर थांबायचं का? सहा महिन्याला मऊ वरण-भात गुळगुळीत घोटून दोन-तीन चमचे द्या, पण चमचा तिरका केला तर लगेच ओघळू नये इतका घट्ट, कारण डाळीच्या नुसत्या पाण्यात पोट भरतं पण ताकद काही मिळत नाही. मग दोनेक आठवड्यांनी मिक्सर बंद, वरण-भात किंवा मुगाची खिचडी चमच्यानं दाबायची, रोज थोडी जाडसर, आठ-नऊ महिन्याला मऊ गुठळ्या यायलाच पाहिजेत. नऊ-दहा महिन्यापर्यंत गुठळ्याच न मिळालेली लेकरं पुढं जेवायला जास्त त्रास देतात असं अभ्यासात दिसलंय.

सुरुवातीला बाळ ओकारी काढल्यासारखं करतं, खोकतं, तोंड लाल होतं, त्याला घाबरू नका, ते घास पुढं ढकलायला शिकतंय. आवाजच बंद, श्वास घेता येईना, ओठ निळे, हे खरं अडकणं, तेव्हा लगेच मदत लागते. म्हणून बसवूनच भरवा अन् अख्खे शेंगदाणे, फुटाणे, अख्खी द्राक्षं अजिबात देऊ नका.