पासबुकावरचा शिक्का

आमच्या घरात बर्फ असतो तो फ्रीजच्या वरच्या कप्प्यात, आणि तो फ्रीजही कर्जाचा. तरीही ‘स्नोबॉल’ आणि ‘ॲव्हलांच’ या दोन हिमालयीन नावांवरून आम्हा नवराबायकोत आठवडाभर अबोला होता.

देणी तीन होती. पतसंस्थेचे २०,००० रुपये, दरमहा १ टक्क्याने. फ्रीज आणि गळके छप्पर यांपायी घेतलेले वैयक्तिक कर्ज ४०,०००, दीड टक्क्याने. आणि क्रेडिट कार्डाचे ६०,०००, साडेतीन टक्क्यांनी. व्याज सगळीकडे उरलेल्या रकमेवर. घरखर्च भागवून महिन्याला १२,००० हाती राहत. त्यांतले अनुक्रमे १,०००, २,००० आणि ३,००० किमान हप्त्यांना जाणार होते. राहिलेले ६,००० कुणाच्या तोंडात घालायचे, एवढाच वाद होता.

मी स्नोबॉलवाला, म्हणजे सर्वांत लहान कर्ज आधी फेडणारा. पतसंस्थेचे खाते तिसऱ्याच महिन्यात बंद होणार, पासबुकावर ‘खाते बंद’ असा जांभळा शिक्का बसणार आणि तो मी सासऱ्यांना दाखवणार, इथपर्यंत माझे नियोजन झाले होते. सौ. ॲव्हलांचवाली: ज्याचे व्याज जास्त, त्याची मानगूट आधी.

तिने मुलाच्या गणिताच्या वहीत दोन्ही हिशेब महिनावार मांडले. माझ्या पद्धतीने पहिल्या सात महिन्यांत कार्डाला २१,००० रुपये भरूनही मूळ देणे जेमतेम ७,००० ने उतरत होते. बाकीचे सुमारे १४,००० व्याजाने गिळले होते. गंमत अशी की दोन्ही पद्धतींत कर्जमुक्ती बाराव्याच महिन्यात होती. मात्र एकूण व्याज माझ्या वाटेने २३,१४३ आणि तिच्या वाटेने १६,२०४ रुपये. म्हणजे तो जांभळा शिक्का मला ६,९३९ रुपयांना पडत होता. कार्डाच्या व्याजावर १८ टक्के जीएसटी लागतो, तो तिने माझी दया येऊन धरलाच नव्हता.

मी हरलो, पण तिच्या पद्धतीची खोड तिच्या वहीत नव्हती. त्या वाटेने पहिले खाते बंद होते ते आठव्या महिन्यात. तोवर तीनही ठिकाणांहून हप्त्याची आठवण करून देणारे संदेश नेमाने येत राहतात, आणि आपण काही फेडतो आहोत यावर विश्वास बसेनासा होतो. पाचव्या महिन्यात अशाच एका खिन्न संध्याकाळी मी त्याच कार्डावर ९०० रुपयांच्या चपला मागवल्या. आधीची थकबाकी असताना नव्या खरेदीला बिनव्याजी मुदत मिळत नाही, पहिल्या दिवसापासून व्याज सुरू होते, हे मला तेव्हा ठाऊक नव्हते. सौ.ला होते.

तिने कार्ड कात्रीने कापले. त्यावरचे सोळाही आकडे मला पाठ आहेत, हे मी तिला अजून सांगितलेले नाही. चपला मात्र तिने दाराबाहेर ठेवायला लावल्या आहेत.