चाळिसाव्या मेसेजला पेरणी बिघडली

परवा गटाच्या व्हॉट्सॲपवर पाठवायचं पत्रक एआयच्या चॅटवर बनवत होतो. सोयाबीनची पेरणी, औसा तालुका, वाचणारे सगळे जिरायतवाले. पाठवायच्या आधी आमच्या काकांना दाखवलं. त्यांनी चष्मा वर केला आणि म्हणाले, "एकरी पंच्याहत्तर किलो? पेरायलास का उडीद-मुगासारखं वाळू घालायलास?"

बघतो तर खरंच. पत्रकात 'बियाणे : एकरी 75 किलो'. सोयाबीनला हेक्टरी साधारण 75 किलो लागतं, म्हणजे एकरी 30 च्या आसपास. आपलं रान 3 एकर धरलं तर 90 किलोच्या जागी सव्वादोनशे किलो झालं असतं. पैसा गेला तो गेलाच, वर दाट पेरलेलं सोयाबीन उंच वाढतं, लोळतं आणि शेंगा कमी धरतं.

आता लोक म्हणतील, एआय चुकतंच, त्यात नवल काय. पण मी पहिल्याच मेसेजमध्ये स्पष्ट लिहिलं होतं : सगळं एकरात सांग, हेक्टर नको. पाणी नाही, ठिबक-तुषार सुचवू नकोस. बियाणं घरचं आहे. औषधांची कंपनीची नावं नकोत. पहिली आठ-दहा उत्तरं त्याप्रमाणे बिनचूक आली. मग बियाण्याच्या उगवणीवर बोललो, बीजप्रक्रियेवर बोललो, रुंद वरंबा-सरी पाडून पेरणाऱ्या बीबीएफ यंत्रावर बरंच भरकटलो. चाळिसाव्या मेसेजच्या आसपास गडबड झाली.

मी मागं जाऊन सगळी चॅट वाचली. तासभर गेला, पण चूक कुठून आली ते सापडलं. बीबीएफवरच्या एका लांबलचक उत्तरात हेक्टरी आकडा आला होता. मी घाईत होतो, टोकलं नाही. पुढच्या दोन उत्तरांतही हेक्टरच. मग मी म्हणालो, हे थोडक्यात तक्त्यात दे. तक्त्यावर 'एकर' आलं, कारण तसं मी सुरुवातीला सांगितलं होतं, आणि आकडा मात्र जवळच्या उत्तरातला 75 च राहिला. अर्धी सूचना पाळली, अर्धी निसटली. सगळी निसटली असती तर बरं, 'हेक्टर' हा शब्द तरी डोळ्यांना दिसला असता.

हे का होतं ते समजून घ्यायला फार तांत्रिक डोकं लागत नाही. आपण पाठवा दाबलं की सहसा वरपासूनचा सगळा संवाद पुन्हा मॉडेलकडे जातो आणि ते तो नव्यानं वाचतं. माणसासारखी मनात धरून ठेवलेली गोष्ट तिथं नसते, समोर असतो तो फक्त मजकूर. या मजकुराला मर्यादा असते आणि ती टोकन नावाच्या तुकड्यांत मोजतात. मराठी अक्षरांचे तुकडे बहुतेक मॉडेलांत इंग्रजीपेक्षा जास्त पडतात, म्हणून आपली चॅट लवकर भरते. भरली की काही ॲप जुनं गाळतात, काही त्याचा सारांश करतात, आणि बारीकसारीक अटी सारांशात हमखास मरतात.

पण माझी चॅट तेवढी भरली नसावी. हे ओळखायची एक साधी युक्ती आहे : सुरुवातीला मी कोणत्या अटी घातल्या होत्या, तेवढ्या लिहून दे असं सांगायचं. अट आलीच नाही किंवा मोघम आली, तर ती गळली असं धरा. मला सगळ्या अटी बरोबर मिळाल्या. म्हणजे अट समोर होती, पण तिचं वजन कमी पडलं. माझ्या चार अटींच्या पुढं त्याचीच पानंच्या पानं उत्तरं साठली होती, आणि त्यात हेक्टर तीनदा. मॉडेल जवळचा नमुना धरून लिहितं. न टोकलेली चूक पुढच्या उत्तराला नमुना म्हणून उपयोगी पडते, हे मला त्या दिवशी कळलं.

आपले कीर्तनकार यात हुशार. निरूपण कुठंही फिरून येऊ दे, नवा दृष्टांत घ्यायच्या आधी अभंगाचा चरण पुन्हा म्हणतात. अख्खा अभंग नाही, चरणच. चॅटलाही तसंच करायचं, विषय वळला की अटी थोडक्यात पुन्हा सांगायच्या.

मीही पहिल्यांदा चुकलो. मागचा वीस ओळींचा पहिला मेसेज जसाच्या तसा पुन्हा चिकटवला. झालं काय, त्यात '5 एकर' होतं. मधे मी ते बदलून 3 केलं होतं, कारण लिंबाखालचं रान या वर्षी पडीक ठेवायचं ठरलं. जुनं 5 पुन्हा जिवंत झालं! तेव्हापासून मी काय सांगितलं होतं ते लिहीत नाही, आज काय खरं आहे ते लिहितो. तुरीच्या आंतरपिकाचा प्रश्न विचारायच्या आधी हे लिहिलं :

"3 एकर, जिरायत, पाणी नाही. सगळे आकडे एकरी. वरचे हेक्टरी आकडे रद्द, एकट्या सोयाबीनला एकरी 30 किलो धर. बियाणं घरचं, उगवण 100 पैकी 72. पत्रक बोलीभाषेत, 120 शब्दांच्या आत. आता प्रश्न : यात तूर आंतरपीक घ्यायची तर ओळी कशा ठेवायच्या?"

यात 'रद्द' हा शब्द फार कामाचा आहे. नुसतं '30 किलो' म्हटलं असतं तर वर 75 आणि खाली 30, दोन्ही उभे राहिले असते. उगवणीचा आकडा पुन्हा लिहिला कारण पत्रकातला 30 किलोचा हिशेब निदान 70 टक्के उगवणीवर उभा आहे. ओल्या गोणपाटात शंभर दाणे ठेवून मोजलं होतं. बीबीएफचं मात्र काही लिहिलं नाही, तुरीच्या प्रश्नाला त्याची गरज नव्हती. प्रश्न शेवटी ठेवला. हवामानाचा अंदाज किंवा दुसरा मोठा मजकूर चिकटवायचा असेल तर तो आधी टाकतो आणि अटी त्याच्या खाली, प्रश्नाला लागून. लांब मजकुराच्या मधोमध पडलेली गोष्ट ही मॉडेलं सुरुवातीच्या किंवा शेवटच्या गोष्टीपेक्षा सहज सोडून देतात.

प्रत्येक मेसेजला असं करत बसू नका, त्याच त्या ओळींनी चॅट आणखी फुगते. विषय वळला की करायचं. आणि उत्तरं दोन-तीनदा वाकडी गेली असतील तर समजूत घालत बसण्यापेक्षा नवी चॅट उघडून याच ओळी टाकलेल्या बऱ्या, म्हणजे जुना हेक्टर मागंच राहतो.

एवढं करूनही आकडा मी तपासतोच. परभणीच्या कृषी विद्यापीठाची शिफारस बघायची आणि हेक्टरी आकड्याला अडीचनं भागायचं, दोन मिनिटांचं काम. अट पुन्हा सांगितल्यानं चूक कमी होते, थांबत नाही.

पत्रक दुरुस्त करून काकांना दाखवलं. त्यांनी 30 वर बोट ठेवलं, मान हलवली, आणि मग म्हणाले की लिंबाखालचं रानही पेरावं म्हणतोय आता, पाऊस चांगला दिसतोय. म्हणजे पहिल्या ओळीतलं '3 एकर' उद्या पुन्हा बदलायचं.