कंपनीचा वाटा आधीच कापलेला

“फॅन्टसी क्रिकेट म्हणजे सट्टाच ना?”

अगदी तसं नाही. सट्ट्यात भाव बुकी लावतो आणि तुम्ही त्याच्याविरुद्ध खेळता. पैशांच्या फॅन्टसीत तुमच्यासमोर तुमच्यासारखेच लोक असायचे. कंपनी आपला वाटा प्रवेश फीतूनच काढायची, मग कुणीही जिंको. दोघांची स्पर्धा घ्या: फी ५० रुपये, जिंकणाऱ्याला ८५. म्हणजे नुसते पैसे वसूल व्हायला शंभरात ५९ वेळा जिंकायला हवं होतं, आणि सरासरी खेळणारा दर डावाला साडेसात रुपये घालवायचा. मोठ्या स्पर्धांत बक्षिसाचा मोठा भाग वरच्या मोजक्यांकडे जायचा, बाकी बहुतेकांच्या हाती शून्य. तिथं कौशल्य असूनही महिनोन्महिने तोटाच दिसायचा, हे मी वहीत हिशेब लिहून पाहिलंय. २०२५च्या कायद्याने मात्र कौशल्य की नशीब हा वादच बाजूला ठेवून पैशांचे ऑनलाइन खेळ बंद केले.