बाटलीच्या एका फोटोवरून औषध ओळखू नका

निफाड-दिंडोरीकडच्या द्राक्षबागायतदारांच्या ग्रुपवर रोज औषधाच्या बाटलीचा फोटो पडतो आणि खाली प्रश्न असतो, "हे कोणतं?" दोन मिनिटांत उत्तरही येतं. माझं स्पष्ट मत आहे की अशा एका फोटोवर उत्तर देऊच नये.

लॅम्बडा सायहॅलोथ्रिन घ्या. ते २.५ टक्के ईसी आणि ५ टक्के ईसी, दोन्ही मिळतं. बाटली गोल आणि लेबल चकचकीत असल्यामुळे उजेडाचा उभा पांढरा पट्टा लेबलावर पडतो. तो नेमका "२." वर आला की फोटोत उरतं "५ टक्के". मग कुणी ५ टक्क्यांची बाटली आणतो आणि मात्रा मात्र २.५ वाल्याची मोजतो. पंपात मूळ औषध दुप्पट जातं. पट्ट्याखालची अक्षरं फोटोत उमटलेलीच नसतात, त्यामुळे नंतर ब्राइटनेस कमी करून ती परत येत नाहीत. फ्लॅश बंद करा, बाटली सावलीत ठेवा आणि थोडी फिरवून दुसरा फोटो काढा. पट्टा सरकतो, झाकलेला आकडा दिसतो.

उलटा फोटो जास्त फसवतो. काही फोनमध्ये सेल्फी कॅमेऱ्याचा फोटो आरशासारखा सेव्ह होतो. कोनेदार छपाईतला इंग्रजी २ आरशात ५ सारखा दिसतो आणि ५ हा २ सारखा. त्यामुळे २५ उलटला तरी २५ च वाटतो, पण एकटा ५ मात्र २ होऊन बसतो. ए, एम, टी ही इंग्रजी मोठी अक्षरं तर उलटूनही तशीच राहतात. म्हणून मराठी मजकूर बघा: प, म यांचा काना चुकीच्या बाजूला गेला की लगेच डोळ्यांत भरतो. बारकोड स्कॅन झाला म्हणजे फोटो सरळ, असंही नाही. उभ्या रेघांचा बारकोड दोन्ही दिशांनी वाचला जातो. गॅलरीत एडिटमध्ये फ्लिप करून बघा. फोटो नुसता गोल फिरवून हा दोष जात नाही.

तिसरी गोष्ट फिल्टरची. लेबलावरच्या चौकोनाच्या खालच्या त्रिकोणाचा रंग विषारीपणा सांगतो: लाल सर्वांत जहाल, मग पिवळा, निळा, हिरवा. पिवळसर फिल्टर लावला की निळा हिरवट होतो, आणि मध्यम विषारी औषध सौम्य वाटायला लागतं. अशा वेळी वरच्या अर्ध्या भागातला इंग्रजी शब्द वाचा. निळ्याबरोबर "डेंजर" असतो, हिरव्याबरोबर "कॉशन". लाल आणि पिवळा, दोन्हींवर "पॉयझन" असतो. कवटी फक्त लालवर.

ग्रुपवाल्यांनी मागच्या कॅमेऱ्याने काढलेले, फिल्टर नसलेले तीन फोटो मागावेत: नाव आणि टक्केवारी, रंगाचा चौकोन, बॅच नंबर. व्हॉट्सअॅपवर ते डॉक्युमेंट म्हणून पाठवायला सांगावं, नाहीतर बारीक अक्षरं पुसट होतात. एवढ्यावरही आकडा वाचता येत नसेल, तर ती बाटली दुकानात नेऊन दाखवावी. तोवर फवारणी थांबवा.