पन्नास पाच-ताऱ्यांचं दुकान
«नकाशावर दुकान पहिलं दिसायला नावात सगळे शब्द कोंबा, मिळतील तेवढ्या कॅटेगरी लावा, एका दिवसात ओळखीच्या पन्नास जणांकडून पाच तारे घ्या. नाहीतर गुगलला पैसे भरा.»

हा मेसेज आमच्या भाऊजींपर्यंत पोचला. त्यांचं घड्याळदुरुस्तीचं दुकान. रात्री साडेदहाला फोन करून त्यांनी माझ्याकडे नातेवाइकांचे नंबर मागितले, म्हणून लिहायला बसलो.

पैशांचं आधी उरकतो. गुगलच्या मदतपानावरच स्वच्छ लिहिलंय की नकाशातला हा क्रम विकत मिळत नाही. तो तीन गोष्टींवर ठरतो: शोधणाऱ्याला हवं ते तुमच्याकडे आहे का, दुकान त्याच्यापासून किती लांब आहे आणि ते किती परिचित आहे. जाहिरात वेगळी, तिच्यावर तसं लिहिलेलं असतं. भाऊजी मात्र गल्ल्यावर बसून आपल्याच फोनवर शोधतात आणि पहिले आलो म्हणून खूश होतात. अहो, दुकानातच बसल्यावर अंतर शून्यच येणार!

आता ते पन्नास तारे. ज्यांनी दुकानाचा उंबरा ओलांडलेला नाही त्यांचे अभिप्राय गुगलच्या नियमात सरळ खोटे ठरतात. पकडले गेले की ते उडतातच, शिवाय काही काळ नवे अभिप्राय बंद होऊ शकतात आणि खोटे काढल्याची पाटी दुकानाच्या प्रोफाइलवर सगळ्यांना दिसू शकते. म्हणजे खरं गिऱ्हाईक चांगलं लिहायला आलं, तरी त्याला दार बंद. सवलतीच्या बदल्यात अभिप्राय मागणंही चालत नाही. त्यापेक्षा ज्याचं घड्याळ आत्ता चालू करून दिलं, त्यालाच लिंक पाठवा. त्यानं «बंद पडलेलं जुनं किल्लीचं घड्याळ चालू करून दिलं» एवढं लिहिलं, तरी तसं शोधणाऱ्याला कधीकधी तेच वाक्य यादीत दुकानाखाली दिसतं. मामेबहिणीच्या «छान दुकान»मधून कुणाला काय कळणार?

कॅटेगरी एक मुख्य आणि वर नऊपर्यंत जोडता येतात, पण सगळ्यात जास्त वजन मुख्य कॅटेगरीला. भाऊजींची मुख्य होती Watch store, आणि दुकानात विकायला एकही घड्याळ नाही! वर Gift shop चिकटवलेलं. दुरुस्ती शोधणाऱ्याला ते दिसणार कसे? Watch repair service मुख्य केली, बाकीच्या काढल्या.

नावात शब्द कोंबल्याचा फायदा होतो, हे नाइलाजानं मान्य. पण पाटीवर नसलेलं नाव लावणं नियमाबाहेर आहे. कुणीही दुरुस्ती सुचवू शकतो, शेजारचा दुकानदारसुद्धा, आणि प्रोफाइल निलंबित झालं तर यादीतून दुकानच गायब.

एवढं सगळं बोलून झाल्यावर लक्षात आलं, भाऊजी सोमवारी दुकान बंद ठेवतात आणि नकाशा मात्र सोमवारी ‘उघडं’ दाखवतोय. त्यांचा एकमेव एक-तारा अभिप्राय बंद शटरसमोर उभ्या राहिलेल्या माणसाचा आहे.